पायाला एक वेढा

"नमस्कार. वय ३४, राहायला कोपरखैरणेत. वन आरके आहे, आम्ही चौघं. सकाळी साडेपाचला पाणी येतं, ते भरून झालं की सगळे उठेपर्यंत मला अर्धा-पाऊण तास मिळतो. दिवाणावर सासूबाई झोपलेल्या असतात. दिवाण आणि कपाट यांच्या मधली जागा तेवढी माझी, लांबीला साडेसहा फूट, रुंदीला साडेतीन. जिम परवडत नाही आणि ऐरोलीच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत आठ वाजतात. दोन महिन्यांपूर्वी पाच रंगांच्या रबरी ट्यूबचा सेट मागवला. त्यात हँडल आहेत, दाराला अडकवायचा पट्टाही आहे. लाल ट्यूबवर उभी राहून हात वाकवायचा व्यायाम रोज करते. दंड जरा घट्ट झालेत. पण संध्याकाळपर्यंत खवाट्यात जे दुखतं ते तसंच आहे. बसून पायात ट्यूब अडकवून ओढून पाहिलं तर काहीच जोर लागत नाही, ट्यूब नुसती लोंबते. दाराला पट्टा लावला तर दारच उघडतं. जागा कमी म्हणून हे होतंय का? मोठी जागा नसेल तर हा सेट वायाच गेला म्हणायचा का?" — कोपरखैरणेची एक वाचक

नमस्कार ताई,

जागा पुरेशी आहे. साडेसहा बाय साडेतीन म्हणजे योगासनांच्या चटईपेक्षा मोठी. कमी पडतेय ती जागा नाही. तुमची ट्यूब त्या व्यायामासाठी लांब पडतेय, आणि त्यावर उपाय आहे. तुम्ही पत्रात "नुसती लोंबते" लिहिलंत, त्यावरूनच मला दोष कुठे आहे ते कळलं.

आधी हे सांगते की मी तुम्हाला मुख्यतः ओढायचाच व्यायाम का देणार आहे. वजनं नसलेल्या घरातही ढकलायचे व्यायाम होतात. ओट्याच्या कडेला हात टेकून दंड काढता येतात. उठाबशांना काही लागत नाही. पण घरात अंगाकडे ओढण्यासारखं काही नसतं. जमीन आपल्याला ढकलू देते, ओढू देत नाही. दोन्ही खवाट्यांच्या मधले आणि बगलेखालून कंबरेपर्यंत उतरणारे पाठीचे स्नायू ओढण्याने कामाला लागतात. तुमचा दिवस की-बोर्डवर हात पुढे ठेवून जातो, परतीच्या गर्दीत हात पुढच्या दांडीला असतो आणि घरी आल्यावर ओट्यापुढे. म्हणजे जे काम या घरात दुसऱ्या कशानेच होत नाही, तेवढ्यासाठी ट्यूब राखून ठेवायची. हात वाकवण्यात तिचा निम्मा उपयोगही होत नाही.

आता ती लोंबते का ते पाहू. वजनाचा डंबेल कुठेही उचला, पाच किलोचा पाच किलोच राहतो. रबराचं तसं नाही. त्याचा जोर ते मूळ लांबीच्या किती पट ताणलं गेलं यावर ठरतो. एकाच जाडीची एक लांब आणि एक आखूड ट्यूब घ्या आणि दोन्ही दुप्पट ताणा, हाताला ओढ सारखीच लागेल. फक्त आखूड ट्यूबला जागा कमी लागेल. लहान खोलीत व्यायाम करणाऱ्याला एवढी एक गोष्ट कळली की पुरे.

तुमच्या सेटसारख्या बहुतेक सेटमध्ये ट्यूब साधारण १२० सेंटिमीटर असते आणि तिच्या टोकाला कडीने अडकवलेलं हँडल आणखी १५ सेंटिमीटर जागा घेतं. तुमची उंची सव्वापाच फुटांच्या आसपास धरते. ट्यूबच्या मधोमध उभं राहिलं की प्रत्येक बाजूला तळव्यापासून वर साधारण ५५ सेंटिमीटर रबर उरतं, बाकीचं दोन पावलांच्या मध्ये जातं. हात खाली सोडलेला असताना ट्यूब जेमतेम ताठ होते, आणि हात वाकवून हँडल खांद्याशी आणलं की ५५ चे ११० होतात. म्हणजे दुप्पट. दंडाला म्हणूनच जोर लागतो.

तीच ट्यूब घेऊन पाय पुढे करून जमिनीवर बसा. हात पुढे लांब केले तर मूठ तळव्यापासून ४० सेंटिमीटरवर असते, आणि पोटाशी ओढल्यावर फार तर ८० वर. हँडलचे १५ वजा केले की शेवटी रबराला मिळतात ६५. मूळचे ५५. म्हणजे सगळी ओढ संपेपर्यंत रबर जेमतेम दहा सेंटिमीटर ताणलं जातं, आणि पहिला पाऊण भाग तर ते सैलच असतं. पाठीला काम मिळणार कुठून? तुम्ही याहून मोठ्या खोलीत असतात तरी हेच झालं असतं, कारण ट्यूबचं एक टोक तुमच्या पायाशी आणि दुसरं हातात आहे. मध्ये खोली येतच नाही.

म्हणून ट्यूब आखूड करायची. कापायची नाही, गाठही मारायची नाही, गाठीजवळ रबर लवकर फाटतं. पायाला एक वेढा द्यायचा.

पाय पुढे करून बसा. दोन पावलांमध्ये चार बोटांचं अंतर. ट्यूबचा मध्य दोन्ही तळव्यांच्या खोलगट भागावर, म्हणजे चवड्याच्या मागे आणि टाचेच्या पुढे ठेवा. आता प्रत्येक टोक पावलाच्या बाहेरच्या बाजूने वर आणा, पावलावरून आतल्या बाजूला न्या, तळव्याखालून पुन्हा बाहेर काढा. एक पूर्ण फेरा झाला. वेढ्यात प्रत्येक बाजूचं साधारण २५ सेंटिमीटर रबर जातं आणि हाताकडे ३० उरतं. पुन्हा तोच हिशेब करा. हात पुढे असताना ट्यूब जवळजवळ ताठ, आणि मूठ पोटाशी आली की ३० चे ६५, म्हणजे दुपटीहून थोडं जास्त. लोंबणारी तीच लाल ट्यूब आता शेवटच्या वीतभर अंतरात तुम्हाला थांबवायला बघेल.

वेढ्याचा दुसरा फायदा सुरक्षेचा आहे. नुसत्या तळव्याला अडकवलेली ताणलेली ट्यूब चवड्यावरून सटकली तर ती थेट तोंडावर येते. वेढा दिलेली ट्यूब सहज सटकत नाही. पायात घरात वापरायचे स्वच्छ कॅनव्हासचे बूट असले तर उत्तम. अनवाणी केलं तरी चालतं, फक्त रबर कातडीत रुततं. पायमोजे मात्र नकोत, ते घसरतात.

आता प्रत्यक्ष ओढणं. दिवाण आणि कपाट यांच्या मधल्या जागेत लांबीच्या दिशेने बसा. ढुंगणाखाली चादरीची चार बोटं उंच घडी किंवा लाकडी पाट घ्या. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांड्यांच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतात, त्यामुळे पाय सरळ करून जमिनीवर बसलं की कंबर मागे गोल होते आणि ओढताना सगळा भार तिथे जातो. पाट घेतला आणि गुडघे किंचित दुमडले की कंबर आपोआप उभी राहते. छाती समोर ठेवा, हनुवटी उचलू नका.

हात लांब करून खांदे थोडे पुढे जाऊ द्या, पण ट्यूब सैल होऊ देऊ नका. मग कोपर मागे न्या, दोन्ही खिशांकडे चालल्यासारखं, अंगाला घासून. मुठीकडे लक्ष देऊ नका, कोपराकडे द्या. मुठीने ओढायला गेलात की पुन्हा दंडच काम करतात, ज्याची तुम्हाला दोन महिन्यांची सवय आहे. मूठ शेवटच्या फासळीला लागली की तिथे मनात दोन आकडे मोजा. मग तीन आकडे मोजत सावकाश परत सोडा.

थांबायला आणि सावकाश सोडायला सांगते त्याला कारण आहे. रबर सुरुवातीला सर्वांत हलकं आणि शेवटी सर्वांत जड असतं. ओढण्यात आपल्या पाठीचं उलट आहे. हात लांब असताना ती ताकदवान असते, आणि कोपर मागे गेला की तिथे स्नायू आखडून बसलेला असल्याने कमजोर. म्हणजे जिथे तुम्ही कमजोर तिथेच ट्यूब जड. मग शरीर वाट काढतं. खांदे कानाकडे उचलले जातात, धड मागे झुकतं, मनगटं आत वळतात, किंवा कोपर बरगड्यांपाशीच थांबतं आणि माणूस म्हणतो झाला एक. ऐरोलीत मी वर्ग घ्यायचे तेव्हा दहातल्या आठ जणी हेच करायच्या, आणि जेवढी जाड ट्यूब तेवढं जास्त करायच्या. म्हणून माझा एक नियम आहे: मूठ फासळीला लागून दोन आकडे थांबली नाही तर तो रेप, म्हणजे ती एक पूर्ण ओढ, मोजायचा नाही. बारा करायचे ठरवले आणि आठव्यालाच मूठ फासळीपर्यंत येईना, तर तो सेट आठचा. वहीत आठ लिहा. आणि पाच-सहालाच मूठ अडकत असेल तर ट्यूब जाड झाली, एक पायरी हलकी घ्या.

मान दुखायला लागली तर समजा खांदे वर जाताहेत. कंबर दुखली तर धड मागे झुकतंय, किंवा पाट कमी उंच आहे. व्यायाम झाल्यावर खवाट्यांच्या मधे आणि बगलेमागे जरा गरम, भरल्यासारखं वाटलं तर ओढ बरोबर लागली. फक्त दंडच भरले असतील तर पुढच्या सेटला अंगठ्याची पकड सैल करून हँडल नुसतं बोटांच्या आकड्यात धरून पाहा. बऱ्याच जणींना तेवढ्याने फरक कळतो.

तुमच्या दाराकडे येते. दाराचा पट्टा वाईट नाही, पण तो कुठल्या बाजूने वापरायचा ते सहसा कोणी सांगत नाही. ट्यूब ओढल्यावर दार चौकटीत घट्ट बसलं पाहिजे. दार तुमच्याकडे उघडत असेल तर सगळा ताण कडीच्या एका खिट्टीवर येतो, आणि ती सुटली तर दार आणि पट्ट्याचा गोळा दोन्ही तोंडावर येतात. आपल्याकडे फ्लॅटचं मुख्य दार आत उघडतं, म्हणजे घरातून ओढायला ते नेमकं चुकीचं. बाथरूमचं दार प्लॅस्टिकचं असेल तर त्याचा विचारच नको. बेडरूम असलेल्या घरात बेडरूमचं लाकडी दार आत उघडतं म्हणून हॉलमध्ये उभं राहून त्याला पट्टा लावता येतो, तेही बिजागरीच्या बाजूला. तुमच्या घरात तसं दार नाही. तेव्हा पट्टा पिशवीत घालून ठेवा, त्यावाचून काही अडत नाही.

आणि खिडकीच्या ग्रिलला ट्यूब बांधायचा मोह होईल, तोही टाळा. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहायचे तेव्हा वर्षभर तेच केलं. ग्रिल भक्कम होती, माझा सगळा विश्वास तिच्यावर. पण चौकोनी पट्टीची कड आणि पावसाळ्यात धरलेला गंज रबराला रोज थोडा थोडा कापत होता. ते भिंतीकडच्या बाजूला असल्याने मला दिसलंच नाही. एका सकाळी ओढता ओढता ट्यूब तुटली आणि तिचं टोक डाव्या भुवईवर बसलं. अर्धा इंच खाली असतं तर डोळ्यात गेलं असतं. तेव्हापासून मी लोखंडाला रबर लावत नाही आणि कुणाला लावू देत नाही.

पाठीला वरून खाली ओढण्याचंही काम हवं, आणि त्यासाठी लोक दाराच्या वर पट्टा लावतात. तुमच्याकडे त्याला पर्याय आहे. सर्वांत पातळ ट्यूब घ्या, बहुतेक सेटमध्ये ती पिवळी असते, पण रंगाचे नियम कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे बोटांनी जाडी पाहा. हँडल काढून ठेवा. ट्यूब हातात अशी धरा की दोन मुठींमध्ये ७० सेंटिमीटर रबर राहील, आणि तळहाताला एक वळसा द्या म्हणजे घामाने सुटणार नाही. ७० च का, तर हात दोन्ही बाजूंना पूर्ण पसरले की मुठींमध्ये दीड मीटरच्या जरा आत अंतर होतं, म्हणजे ट्यूब दुप्पट ताणली जाते. खांद्याएवढं अंतर धरून सुरुवात केलीत तर ती साडेतीन पट ताणली जाईल, आणि मूळ लांबीच्या अडीच पटीच्या पुढे मी कुठलीही ट्यूब नेत नाही. पेनने दोन खुणा करून ठेवा, रोज मोजायला नको.

हात डोक्यावर सरळ करा, मग ते पसरत खाली आणा, ट्यूब छातीच्या वरच्या भागाला टेकेपर्यंत. हात जवळजवळ सरळच राहतात. टेकली की एक आकडा थांबा, सावकाश वर न्या. पसरलेले हात तुमच्या साडेतीन फुटांत मावणार नाहीत, म्हणून दिवाणाकडे किंवा कपाटाकडे तोंड करून उभ्या राहा, म्हणजे हात जागेच्या लांबीत उघडतील. हात वर नेताना खांद्यात पुढच्या बाजूला टोचलं तर डोक्यावरून सुरू करू नका, कपाळाच्या उंचीपासून सुरू करा.

तिसरा व्यायाम कंबरेतून वाकण्याचा. तो मांड्यांचा मागचा भाग, ढुंगण आणि कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंसाठी आहे. इथेही तोच वेढा. उभ्या राहा, पावलांत एक वीत अंतर, दोन्ही पावलांना बसून दिला तसाच फेरा, पण सेटमधली सर्वांत जाड ट्यूब. हँडल दोन्ही हातांत. गुडघे किंचित सैल ठेवून ढुंगण मागे न्या, मागे कपाटाचं दार असल्यासारखं आणि ते ढुंगणाने लावायचं असल्यासारखं. पाठ सपाट. हात नडगीच्या मध्यावर आले की टाचा जमिनीत दाबत उभ्या व्हा. या व्यायामात रबराचं वागणं आपल्या सोयीचं आहे: वाकलेलं असताना, जिथे कंबरेला धोका, तिथे ट्यूब हलकी, आणि सरळ उभं राहिल्यावर, जिथे आपण ताकदवान, तिथे जड.

ढकलायचं काम ओट्यावर करा. ओट्याच्या कडेला हात, शरीर एका रेषेत तिरकं, छाती कडेपर्यंत. ओटा कोरडा पुसून घ्या.

आता हे आठवड्यात बसवायचं कसं. रोज नको. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस घ्या, मधल्या दिवशी विश्रांती. पहिल्या दिवशी लाल ट्यूबने, एका वेढ्यासह, बसून ओढण्याचे तीन सेट. प्रत्येक सेट तिथे थांबवा जिथे अजून दोन रेप जमले असते असं वाटतं. दोन सेटमध्ये दीड मिनिट बसून राहा. घाईत पुढचा सेट धरला की दम पाठीच्या आधी संपतो. मग कंबरेतून वाकण्याचे तीन सेट, ओट्यावरचे दोन, शेवटी डोक्यावरून छातीपर्यंतचे दोन. सगळं पंचवीस मिनिटांत होतं. हात वाकवायचा व्यायाम आवडत असेल तर शेवटी एक सेट करा, आधी नको. थकलेले दंड घेऊन ओढायला बसलात तर पाठीला काम पोचायच्या आधी हातच हार मानतील.

वहीत काय दिसेल त्याची कल्पना यावी म्हणून माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची नोंद सांगते. त्यांची जागा तुमच्यापेक्षाही लहान होती आणि ट्यूबही अशीच. पहिल्या सोमवारी त्यांनी लालवर लिहिले १०, ९, ७. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिथे होते १५, १४, १२. सगळे मूठ फासळीला लावून. तीनही सेट १५ झाले तेव्हा ट्यूब बदलण्याऐवजी आम्ही हँडलच्या कडीत लालबरोबर पिवळीही अडकवली, दोन्हींना एकदमच वेढा दिला. त्या दिवशी आकडे पडून ९, ८, ८ झाले. त्यांना वाटलं आपण मागे गेलो. मागे गेल्या नव्हत्या, ओढ वाढली होती. पुन्हा पंधरापर्यंत चढायला त्यांना महिना लागला. तुमचीही वाढ अशीच, पायरीपायरीने होईल. एका रंगावरून थेट पुढच्या रंगावर गेलात तर बऱ्याच सेटमध्ये ती उडी फार मोठी पडते, म्हणून आधी सर्वांत पातळ ट्यूब जोडीला घ्या.

आकड्यांवर पुरता विश्वास ठेवायचा तर वेढा रोज तसाच बसला पाहिजे. दोन्ही हँडल एकमेकांना लागून धरा, म्हणजे दोन बाजू सारख्या आहेत का ते कळतं. एका बाजूला तीन-चार सेंटिमीटर कमी राहिले तरी ३० सेंटिमीटरच्या तुकड्यात तो फरक हाताला जाणवण्याइतका मोठा असतो. ट्यूबचा मध्य पेनने खूण करून ठेवा. प्रवासाचं सामान तोलायचा हुकाचा काटा कुणाकडे असेल तर एकदा मागून आणा. ट्यूबचं एक हँडल कुणालातरी घट्ट धरायला सांगा, दुसऱ्यात हुक अडकवा आणि ट्यूब दुप्पट ताणून आकडा पाहा. पाकिटावर छापलेले किलो किती ताणल्यावरचे ते सहसा लिहिलेलं नसतं, त्यामुळे त्यांचा उपयोग होत नाही. तुमचा स्वतः मोजलेला आकडा मात्र चार महिन्यांनीही कामाला येतो: तोच काटा, तेवढीच ताण, आणि आकडा बराच खाली आला असेल तर रबर म्हातारं झालं.

रबराची काळजी आपल्या हवेत जास्त घ्यावी लागते. ऊन, घाम आणि तेल हे तिघं त्याचे शत्रू. केसांना खोबरेल लावून त्याच हाताने ट्यूब धरली तर नैसर्गिक रबर फुगून मऊ पडतं. ओट्याजवळच्या खिळ्यावर टांगलेल्या ट्यूबला फोडणीचं तेल बसतं, तेही तसंच. व्यायाम झाला की ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, चिमूटभर पावडर चोळून कपाटात ठेवा. खिडकीत नको. आणि दर सोमवारी पहिल्या सेटच्या आधी ट्यूब थोडी ताणून उजेडाकडे धरा. बारीक आडव्या भेगा, पांढुरकी पट्टी, चिकटपणा किंवा छोटीशी चीर दिसली तर ती ट्यूब त्याच दिवशी टाकून द्या, किंमत आठवू नका. सर्वांत आधी पाहायची जागा म्हणजे रबर हँडलच्या कडीत शिरतं तिथली, ट्यूब बहुधा तिथेच तुटते. वेढ्याची जागाही पाहा, बुटाच्या कडेने तिथे घासलं जातं. रबराने अंगावर खाज, चट्टे किंवा सूज आली तर लॅटेक्स सोसत नाही असं समजून थांबा.

दुखण्याबद्दल. ऑफिसात बसून खवाट्यात येणारा हा ठणका सहसा थकलेल्या स्नायूंचा असतो, आणि पाठ ताकदवान झाली की तो उशिरा येतो, कमी येतो. पहिल्या महिन्यात संध्याकाळी फरक कळायला हवा. खांदे पुढे झुकलेले दिसणं मात्र त्या वेगाने बदलत नाही, आणि दुखणं कमी व्हायला ते आधी बदलावं लागतं असंही नाही. व्यायामाच्या जोडीला ऑफिसात दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा, पाण्याची बाटली लहान ठेवा म्हणजे उठावंच लागेल. पण ठणका हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, पकड ढिली पडत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल तर ट्यूब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. चालताना किंवा जिने चढताना खवाट्यात किंवा छातीत दुखलं तर त्याच दिवशी दाखवा, सोमवारची वाट पाहू नका. रक्तदाब असेल तर ओढताना श्वास कोंडू नका, ओढताना सोडा आणि परत जाताना घ्या.

या सेटची हद्दही सांगून ठेवते. पाठीला तो तुम्हाला वर्षभर तरी पुरेल, कारण ट्यूब जोडत जाता येतात. पायांना तेवढा पुरणार नाही. कंबरेतून वाकण्याचे सर्वांत जाड ट्यूबने पंधराचे तीन सेट सहज व्हायला लागले की दोन पायांऐवजी एका पायावर उभं राहून करा. वेढा त्याच एका पावलाला द्या आणि तोल राहावा म्हणून एक हात कपाटाला टेकवा. तेव्हा हँडल दुसऱ्या हातात असेल आणि ट्यूबचं मोकळं टोक जमिनीवर राहील, ते दुसऱ्या पायाखाली येऊ देऊ नका. सकाळी पहिल्यांदा असं करताना दिवाणाकडे पाठ ठेवू नका, तोंड जागेच्या लांबीकडे ठेवा, म्हणजे कपाट हाताशी राहतं. तोल गेलाच तर पाऊल पुढे पडतं, आणि सासूबाईंच्या अंगावर मागे पडण्यापेक्षा दिवाणाच्या कडेला हात टेकवणं बरं.